सहा ते सात

माझं तोंड वाईट आहे. न्हावऱ्यात कुणालाही विचारा, स्नेहलताई कॅमेरेवाली म्हटलं की आधी हेच सांगतील आणि मग दुकानाचा पत्ता देतील. आयटीआय केलं, रांजणगावच्या कंपनीत सहा वर्षं पॅनल जोडले, सुपरवायझरशी भांडून बाहेर पडले आणि इथं चौफुल्याच्या रस्त्याला दुकान टाकलं. बाईमाणूस शिडीवर चढून वायरी ओढतंय म्हणून पहिलं वर्षभर लोक खाली उभे राहून बघत. अशा ठिकाणी गोड बोलून भागत नाही. पण त्या वाईट तोंडानं कुणाचं किती वाटोळं होतं, ते मला यंदाच्या मे महिन्यात कळलं. ते सांगायचंय.

आमच्या दूध संकलन केंद्राचा जुना रेकॉर्डर दिवाळीच्या सुमारास व्होल्टेज वाढून जळाला. चेअरमन बापूसाहेब म्हणाले, "स्नेहल, असं काही बसव की दीड महिन्याचं फुटेज राहिलं पाहिजे. लोकं फॅटवरनं भांडत्यात, ती बी महिन्यानं आठवण झाल्यावर." मी म्हटलं, बसवते. आणि जानेवारीत तळहाताएवढा एक बोर्ड बसवला. सगळा कॉम्प्युटर त्या एका बोर्डावर. वीज एका छोट्या बल्बाएवढी खातो, लाईट गेली तर इन्व्हर्टरवर दिवसभर चालतो. एक कॅमेरा आत काट्यावर, एक बाहेर गेटवर, रस्ता दिसेल असा.

त्याचं काम समजायला सोपं आहे. कॅमेऱ्यातून येणारं कच्चं फुटेज फार जागा खातं. डिस्कवर त्याला मी दोन दिवसांची जागा ठेवली होती. बोर्डानं ते एकेक तासाची फाईल घेऊन दाबून लहान करायचं, ह्याला एन्कोडिंग म्हणतात, आणि लहान झालेली फाईल दीड महिना सांभाळायची. दोन कॅमेरे, चोवीस तास, म्हणजे रोजच्या अठ्ठेचाळीस फायली. दिवस चोवीस तासांचाच. तेव्हा एका फाईलला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागून चालणार नव्हतं. जानेवारीतल्या एका सकाळी मी दहा फायली लावून बघितल्या. तेवीस मिनिटं, तेवीस, बावीस. सात मिनिटं वर राहतात की, म्हटलं. खूश होऊन चहा प्यायले.

असले बोर्ड तापतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ऐंशी अंशांच्या पुढं गेला की बोर्ड जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. तास-दोन तासांच्या कामात ते जाणवत नाही, रात्रंदिवसाच्या कामात जाणवतं. म्हणून तर मी त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावली, जाळीच्या डब्यात ठेवला. आणि समजा कधी मागं पडलाच आणि जागा भरली, तर रेकॉर्डिंग थांबू नये म्हणून एक नियम घातला: कच्च्यातली सगळ्यात जुनी फाईल आपोआप पुसायची. तशी वेळ येणारच नाही असं धरूनच तो नियम घातला होता. तो लागू झाला तर मला कळावं, मोबाईलवर मेसेज यावा, एवढं करायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मी काढली नाहीत.

केंद्रावर फॅट काढायला आणि पावत्या द्यायला रुबी बसायची. बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, अबोल पोरगी. तिचे वडील नबीलालभाई केंद्राचा दुधाचा टेम्पो चालवायचे. वीस वर्षं तोच रस्ता, तीच गावं. फेब्रुवारीत मी डिस्क बघायला गेले तर डब्यावर बोटभर धूळ आणि पालीची घाण. बाहेर सारखे उसाचे ट्रॅक्टर जातात, धूळ येणारच. पण माझं डोकं फिरलं. "काय गं, दिवसभर इथंच बसतीस ना? डोळे फुटले का तुझे? पुन्हा ह्याच्यावर धूळ दिसली ना, तर बापूसाहेबांना सांगून तुला घरी बसवीन!" ती "होय ताई" म्हणाली. मी विसरून गेले.

त्यानंतर मी तिकडं गेलेच नाही. लग्नसराईच्या आधी सगळ्यांना बंगल्यांवर कॅमेरे हवे असतात.

मे महिन्यातला बुधवार. संध्याकाळच्या दुधाची वेळ, पावणेसात. कोंडिबाआबा किटली घेऊन रस्ता ओलांडून केंद्राकडं येत होते. सत्तरी पार केलेला माणूस, पण दोन म्हशींचं दूध स्वतः आणायचा, पोराला हात लावू द्यायचा नाही. आत रांगेतल्या लोकांनी धाडकन आवाज ऐकला. धावत बाहेर आले तर आबा रस्त्यावर, दूध सांडलेलं, शेजारी नबीलालभाईंचा टेम्पो उभा आणि नबीलालभाई आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनीच आबांना उचलून टेम्पोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथं पोचायच्या आधीच आबा गेले.

नबीलालभाई म्हणाले, "पांढरी कार होती. चौफुल्याकडनं आली, माझ्या फुडं येऊन आबांना उडवलं आन् तशीच शिरूरकडं गेली. मी ब्रेक मारला म्हणून टेम्पो तिथं थांबला." कार दुसऱ्या कुणीच बघितली नव्हती. लोकांनी काय बघितलं? टेम्पो बघितला. टेम्पोला रक्त होतं, ते आबांना उचलून आत घातल्यामुळंही असू शकतं, पण त्या संध्याकाळी असा विचार कोण करतंय? आबांचा मुलगा विक्रम तर वेडापिसा झाला होता. पोलिसांनी नबीलालभाईंना शिरूरला नेलं, गुन्हा दाखल झाला, दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. पण गावानं मनात निकाल देऊन टाकला होता. नबीलालभाई खरं बोलतात की खोटं, हे सांगू शकेल अशी एकच गोष्ट होती. गेटवरचा कॅमेरा.

गुरुवारी सकाळी मी मांडवगण फराट्याला एका बंगल्यावर शिडीवर होते. हवालदारांचा फोन आला. "मॅडम, फुटेज पाहिजे."

"मिळंल की. पंचेचाळीस दिवस कुठं जात न्हाई. शनिवारी येते, माझं इथलं काम दोन दिवसांचं आहे."

"चालंल. शनिवारीच पंचांना घेऊन येतो."

अर्ध्या तासानं रुबीचा फोन. "ताई, आजच या ना. मी स्क्रीनवर बघितलं. यादीत मंगळवार सकाळपर्यंतचंच दिसतंय. त्याच्यापुढचं न्हाईच."

हे तिनं मला सांगितलं. स्पष्ट सांगितलं. गुरुवारी सकाळी नऊला यादी मंगळवार सकाळवर अडकली आहे, म्हणजे बोर्ड दोन दिवस मागं आहे, म्हणजे कच्च्या फुटेजची जागा काठोकाठ भरली आहे. शाळेतल्या पोराला कळेल असं गणित. पण मला वाटलं, उन्हाळा आहे, चालला असेल जरा हळू, हे बोर्ड असतातच असे. हळू चालणार हे मी धरूनच चालले होते, त्यामुळं हळू चाललेलं ऐकून मला काहीच वाटलं नाही.

"अगं, ते मागून येतं. एन्कोडिंग चालू असतं. कच्चं सगळं आत आहे, तुला दिसत नाही एवढंच. पासवर्ड फक्त माझ्याकडं असतो."

"पण ताई, आज जमलं असतं तर अब्बांना..."

"मी शिडीवर आहे रुबी! पडू का खाली? शनिवारी येते म्हटलं ना एकदा!" आणि फोन कट केला.

त्या वेळी ते फुटेज आत होतं. पूर्ण होतं. मोटारसायकलवर पाऊण तास लागला असता, पेनड्राईव्हवर घ्यायला पाच मिनिटं.

शनिवारी दहाला मी केंद्रावर पोचले. सकाळचं दूध संपलं होतं, तरी पंधरा-वीस माणसं थांबलेली. बापूसाहेब खुर्चीवर, हवालदार आणि पंच शेजारी, विक्रम दाराशी उभा, डोक्याचे केस काढलेले. रुबी कोपऱ्यात. नबीलालभाई आले नव्हते, त्यांना येऊ नका असंच सांगितलं होतं लोकांनी.

मी आधी मशिनकडं गेले. ते वर, पत्र्याच्या अगदी खाली मारलेल्या फळीवर. बघते तर डब्यावर ओढणी. हिरवी, जुनी, चार घड्या करून सगळ्या बाजूंनी नीट खोचलेली, टीव्हीवर घालतात तशी. काढून डब्याला हात लावला तर चटका बसला. "अगं बाई!" एवढंच आलं तोंडातून. तेव्हाही मी घाबरले नव्हते. चिडले होते.

लॅपटॉप जोडला, यादी उघडली. बुधवार, गेट. पाच ते सहा, आहे. सात ते आठ, आहे. सहा ते सात नाही.

मी पुन्हा बघितलं. कच्च्या फोल्डरमध्ये बघितलं, तिथं आता गुरुवार सकाळपासूनचंच होतं. मग मशिन आपोआप ठेवतं त्या नोंदी उघडल्या. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून एकवीस मिनिटांनी जागा भरली म्हणून माझ्याच नियमानं ती फाईल पुसली होती. त्याच्याही वर तशाच ओळी. दिवसाला बारा-बारा फायली गेलेल्या, चारातली एक, महिनाभर. मधूनमधून तापमानाच्या ओळी: चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, वेग कमी केला, वेग कमी केला. एका फाईलला चाळीस मिनिटं लागत होती. चाळीस मिनिटांनी दिवसाच्या छत्तीसच फायली होतात, उरलेल्या बारांचं काय करायचं ते मी जानेवारीतच त्याला सांगून ठेवलं होतं.

पुसलेली फाईल परत मिळते का, तेही बघितलं. सोळा तास त्या जागेवर नवं रेकॉर्डिंग चढत होतं. काही उरलं नव्हतं.

"दाव की," विक्रम म्हणाला.

"नाहीये."

"न्हाई म्हंजी?"

"सहा ते सात नाहीये. आपोआप पुसली गेलीय."

मग बापूसाहेब म्हणाले, "पाच ते सहा हाय?"

"आहे."

"सात ते आठ?"

"आहे."

"आन् बरोबर तेवढाच तास न्हाई?"

मी सांगायला लागले. बोर्ड तापतो, वेग कमी करतो, फायली मागं पडतात, जागा भरते. इतर दिवसांच्याही फायली गेल्यात, हे बघा, मंगळवार दोन ते तीन, सोमवार नऊ ते दहा. हवालदारांनी दोन मिनिटं स्क्रीनकडं बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. बाकी कुणाला त्यात रस नव्हता. सोमवारी नऊ ते दहा कोण मेलं होतं?

विक्रम पुढं आला. "पासवर्ड कुणाकडं असतो?"

"माझ्याकडं."

"फकस्त तुझ्याकडं?"

"हो."

"मग पुसलं कुणी?" त्याचे डोळे लाल झाले होते. "नबीलालनं काय सांगितलं तुला? का ह्या पोरीनं पाया पडून पुसून घेतलं? माझा बाप मेलाय, स्नेहल!"

वीस माणसं माझ्याकडं बघत होती. सहा वर्षं ह्या गावात एकेका वायरीनं नाव कमावलं होतं. आणि माझं तोंड सुटलं.

"मला काय विचारतोस? हिला विचार! मशिनवर कापड कुणी घातलं ते विचार! चारी बाजूंनी कोंडून ठेवलंय त्याला, तापणार नाहीतर काय होणार? मी नाही पुसलं, ह्या ओढणीनं पुसलं!"

आणि ती ओढणी मी टेबलावर आपटली. हो, मीच आपटली.

सगळ्यांच्या माना रुबीकडं वळल्या. ती म्हणाली, "मी घातलं. धूळ बसू नये म्हणून. ताईंनीच..." आणि माझ्याकडं बघितलं. मी एक शब्द बोलायचा होता. मी दरडावलं होतं हिला, एवढंच. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिले.

"कबूल केलं की तिनं," मागून कुणीतरी म्हणालं. "बापासाठी केलं," दुसरा म्हणाला. कापड फेब्रुवारीपासून होतं, अपघात मे महिन्यात झाला, हा हिशोब करायला कुणाला वेळ होता? संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात एकच गोष्ट झाली होती: नबीलालच्या पोरीनं मशिन जाळून पुरावा घालवला. सोमवारपासून बापूसाहेबांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. टेम्पो दुसऱ्याला दिला. नबीलालभाई घराबाहेर पडेनात. त्यांच्या बायकोचा, खुर्शिदभाभीचा किराणा दुकानात जरा अपमान झाला म्हणे, काय झालं ते कुणी नीट सांगेना. आठव्या दिवशी घराला कुलूप लावून ते दौंडला खुर्शिदभाभीच्या भावाकडं गेले.

मी मात्र आतून जळत होते. कापडानंच घोळ केला, असं दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगायची. खरं असेल तर एवढ्या वेळा कशाला सांगावं लागेल? शेवटी केंद्रावर गेले आणि मोजून बघायचं ठरवलं. बोर्ड त्याच फळीवर, तोच डबा, कापड काढलेलं. दोन दिवस आणि दोन रात्री नोंदी घेतल्या.

सदतीस मिनिटं.

कापड घालून चाळीस, कापड काढून सदतीस. पातळ, जुनी ओढणी ती, तिनं तीन मिनिटांचा फरक पाडला होता. वर पत्रा. मे महिन्यात दुपारी बारापासून तो तापायचा तो रात्री उशिरापर्यंत निवायचा नाही, फळीवरच्या हवेचंच तापमान सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. कापड नसतं तरी बोर्डानं वेग कमी केलाच असता, तरी फायली मागं पडल्याच असत्या, तरी रोजच्या नऊ-दहा पुसल्याच गेल्या असत्या. गफलत ओढणीत नव्हती. जानेवारीतल्या थंड सकाळी दहा फायली मोजून मी वर्षभराचं गणित मांडलं, तिथं होती. पावणेनऊ हजार तासांचं काम चार तासांवरून जोखलं मी. आणि फळी पत्र्याखाली मारली, का? तर खाली वायर लांब ओढावी लागली असती.

तिसऱ्या दिवशी तो डबा खाली दूध गार करायच्या खोलीत नेला, जमिनीपासून हातभर उंचीवर भिंतीला लावला, शेजारी छोटा पंखा जोडला. चोवीस मिनिटं. भर दुपारी चोवीस मिनिटं. सगळं मिळून तासाभराचं काम. मी तिथं किटल्यांच्या मधे खाली बसले आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दौंडला गेले. खुर्शिदभाभीच्या भावाचं घर रेल्वे लाईनीपलीकडं, दोन खोल्यांचं. दार रुबीनंच उघडलं. आत नबीलालभाई पलंगावर बसलेले, दाढी वाढलेली. मला बघून उठायला लागले, "या ताई, बसा." मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी नोंदींचे कागद छापून नेले होते. रुबीच्या हातात दिले आणि एका दमात सगळं सांगितलं. कापडाचा दोष नव्हता. माझा होता. जागा चुकली, गणित चुकलं, इशाऱ्याचा मेसेज बसवला नाही, तू गुरुवारी फोन केलास तेव्हा मी आले नाही. आणि धुळीवरून तुला मीच बोलले होते, हे त्या दिवशी केंद्रावर सांगितलं नाही.

रुबीनं कागद वाचले. बी.कॉम. झालेली पोरगी, आकडे तिला कळत होते. वाचून तिनं ते घडी करून मला परत दिले.

"मला कशाला दाखवताय ताई? मला ठाऊकच होतं मी काय केलं न्हाई ते. हे त्या दिवशी बोलायचं होतं. तिथं."

"चुकलं माझं."

"अब्बा रोज इचारत्यात, रुबी, तू खरंच काय केलं न्हाईस ना गं? माझ्यासाठी काय केलं न्हाईस ना?" ती हळू बोलत होती. "माझ्या बापाला माझ्यावर डाऊट हाय, ताई. आन् म्या तिथं उभी राहून 'मी घातलं' म्हणाले."

नबीलालभाई जमिनीकडं बघत होते. खुर्शिदभाभीनं चहा आणून ठेवला. तो मी पिऊ शकले नाही.

तिथून थेट शिरूरला गेले. हवालदारांना सगळं लिहून दिलं, सही केली, कागद जोडले. त्यांनी सभ्यपणानं घेतलं. वाचून म्हणाले, "म्हंजी मुलीनं काय केलेलं न्हाई, एवढं ह्यातनं निघतंय. ठीक हाय. पण गाडी कुठली व्हती, ते?"

"ते नाही निघत."

"मग केस हाय तिथंच हाय," ते म्हणाले आणि कागद फाईलला लावले.

आता एकच करायचं राहिलं होतं. संध्याकाळी दुधाच्या वेळी केंद्रावर गेले. जिथं बोलले होते, तिथंच, रांगेसमोर उभी राहिले. मोठ्यानं आवाज काढला. "ऐका सगळे. रुबीनं फुटेज घालवलं नाही. मी घालवलं. मशिन चुकीच्या जागी मी बसवलं, पुसायचा नियम मी घातला, धूळ बसू देऊ नको म्हणून तिला मीच दरडावलं होतं. त्या दिवशी अंगावर आलं म्हणून तिच्यावर ढकललं. पोलिसांतही लिहून दिलंय."

रांग थांबली. काट्यावरचा नवा पोरगा किटली तशीच धरून उभा राहिला. बापूसाहेब म्हणाले, "बरं, बरं. झालं ते झालं. आता कशाला उगाळायचं?" एकदोघांनी माना हलवल्या. एक बाई म्हणाली, "पोरगी तशी गरीबच होती हो." आणि रांग पुन्हा पुढं सरकायला लागली. तेवढ्यासाठी मी दौंड, शिरूर करून आले होते.

विक्रम मात्र रांगेतून बाहेर आला. आता आबांच्या म्हशींचं दूध तोच आणायचा. किटली खाली ठेवून माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, हा आता मारतो.

"त्यात दिसलं असतं?" त्यानं विचारलं. "आबाला कुणी उडवलं ते?"

"दिसलं असतं. कॅमेरा बरोबर रस्त्यावर होता."

"आन् गुरवारी ते मशिनीत व्हतं?"

"होतं."

तो गेटकडं वळला. मग म्हणाला, "नबीलालमामाला आबानं लहानपणापास्नं बघितलेलं. माझ्या लग्नात त्यांचाच टेम्पो व्हता वऱ्हाडाला. त्या दिवशी म्या त्यांच्या तोंडावर थुंकलो, दवाखान्याच्या दारात. त्यांच्या अंगावर आबाचं रक्त व्हतं, तरी ते काय बोलले न्हाईत." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "त्यांनी मारलं असंल तर ठीक केलं म्या. न्हाई मारलं, तर? सांग की. मी जाऊन पाया धरू त्यांचं, का न्हाई धरू? कोण सांगणार मला आता?"

माझ्या तोंडाला त्या वेळी एक शब्द सुचला नाही. विक्रमनं किटली उचलली आणि परत रांगेच्या शेवटाला जाऊन उभा राहिला.